‘सपाट वाटतंय’ असा शेरा आला, तर स्क्रिप्टमध्ये नेमकं काय बदलायचं?

पॉडकास्टचा भाग असो, एखाद्या वास्तूची ऐकायची माहिती असो किंवा शाळेच्या कार्यक्रमासाठी केलेलं निवेदन असो, पहिलं रेकॉर्डिंग चार ओळखीच्या माणसांना पाठवलं की त्यातल्या एकाचा तरी निरोप येतो, “चांगलं झालंय, पण जरा सपाट वाटतंय.” कोल्हापुरात आणि आसपास ऑडिओ करणाऱ्या मंडळींच्या स्क्रिप्ट माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि त्यातल्या बहुतेक या एकाच शेऱ्यापायी येतात. शेरा आला की माणूस दोनांपैकी एक गोष्ट करतो. जास्त उत्साहानं पुन्हा वाचतो, नाहीतर मागे संगीत लावतो. त्यानं आवाज चढतो, पण ऐकणाऱ्याचं लक्ष जिथं सुटत होतं तिथंच पुन्हा सुटतं. कारण बिघाड बहुतेक वेळा कागदावर असतो आणि माणूस तो घशात शोधत बसतो.

खालच्या तपासण्या मी ज्या क्रमानं करतो त्याच क्रमानं लिहितोय. सुरुवातीच्या फुकट आणि दहा-पंधरा मिनिटांत होणाऱ्या आहेत, शेवटची खर्चाची आहे. उदाहरण एकच घेतो, म्हणजे बदल कसकसा होत गेला ते दिसेल. करवीर तालुक्यातल्या एका मुलीनं गुऱ्हाळावर नऊ मिनिटांचा भाग केला होता. स्क्रिप्ट साधारण अकराशे शब्दांची, म्हणजे मिनिटाला एकशेवीसच्या आसपास. वेग योग्य होता, उच्चार स्वच्छ होते, माहिती बरोबर होती. तरी शेरा तोच.

लक्षणं

आपल्याकडे हाच बिघाड आहे का, हे आधी ओळखा. ऐकणारा “छान आहे” म्हणतो, पण त्यातलं काय आवडलं ते त्याला सांगता येत नाही. ऐकून झाल्यावर कुणी एकही प्रश्न विचारत नाही. वाचणाऱ्याचा आवाज प्रत्येक वाक्याच्या शेवटी एकाच जागी खाली येतो. आणि सगळ्यात पक्कं लक्षण म्हणजे वाचणारा स्वतः गप्पांत तीच गोष्ट सांगतो तेव्हा समोरचे कान देऊन ऐकतात, पण रेकॉर्डिंग लावलं की मोबाईल बघायला लागतात.

यातलं काहीच दिसत नसेल आणि तक्रार फक्त “आवाज लांबून येतोय”, “घुमतोय” अशी असेल, तर ही पोस्ट तुमच्या कामाची नाही. ते माईकचं आणि खोलीचं काम आहे.

१. शेरा देणाऱ्यालाच तीन प्रश्न विचारा

पैसे शून्य, वेळ पाच मिनिटं. तरी ही तपासणी सगळ्यात जास्त वेळा टाळली जाते, कारण शेरा ऐकून थोडं लागलेलं असतं आणि पुन्हा त्याच माणसाला फोन करायला मन धजत नाही. पण ‘सपाट’ म्हणजे काय हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. प्रश्न हे तीनच: लक्ष कुठं सुटलं? आता, न ऐकता, काय काय आठवतंय? मधल्या टप्प्यात पुढं काय होईल असं वाटत होतं?

“मग काय बदलू?” हे मात्र विचारायचं नाही. ऐकणाऱ्याला दुखतंय कुठं ते नक्की सांगता येतं, औषध सांगता येत नाही. विचारलंत की तो सभ्यपणे काहीतरी सुचवतो. संगीत घाला, छोटं करा, पुरुषाचा आवाज घ्या. आणि तुम्ही त्यामागे लागता.

त्या मुलीनं तिच्या मामांना फोन केला तो माझ्यासमोरच.

“मामा, कंटाळा कुठं आला तेवढंच सांगा.”

“अगं, कंटाळा न्हाई आला. पण रस काहिलीत गेला न्हवं का, त्याच्या पुढचं मला काय आठवंना बघ. एकदम ढेपाच निघाल्या.”

“आणि तेव्हा पुढं काय होईल असं वाटत होतं तुम्हाला?”

“काय वाटायचंय? गूळच होणार की!”

‘सपाट’ या एका शब्दातून दोन ठोस गोष्टी हाती आल्या. जागा कळली: काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, रस पडल्यापासून ढेपा निघेपर्यंत, म्हणजे घड्याळात २ मिनिटं ५० सेकंदांपासून पुढचा तुकडा. आणि कारणाचा सुगावा लागला: ऐकणाऱ्याला शेवट आधीच माहीत आहे आणि वाटेत अडण्यासारखं काही नाही. त्यानंतर शेजारच्या काकूंना विचारलं. त्यांना भेंडी तेवढी आठवत होती. “गुळात भेंडी कशाला घालतात गं?” असं त्यांनीच उलट विचारलं. स्क्रिप्टमध्ये भेंडीचा उल्लेख होता, कारण नव्हतं. म्हणजे ऐकणारा ज्या एका जागी जागा झाला होता, तिथंच स्क्रिप्ट त्याला तसाच सोडून पुढं गेली होती.

निदान दोघा-तिघांना विचारा. सगळ्यांची जागा एकच आली, तर पुढच्या तपासण्या तेवढ्या तुकड्यापुरत्याच करायच्या, बाकीच्या भागाला हात लावायचा नाही. प्रत्येकाची जागा वेगळी आली, तर शक्यतो स्क्रिप्टचा दोष नसतो. कुणी गाडी चालवताना ऐकलेलं असतं, कुणी पोळ्या लाटताना.

२. कच्ची फाईल ऐका

यावर फार वेळ घालवू नका, पण वगळूही नका. पंख्याची घरघर काढण्यासाठी आवाज साफ करायची सोय जोरात लावली की श्वास, शब्दांच्या कडा आणि हलके-जड चढउतारही त्यासोबत पुसले जातात, आणि बोलणं पुठ्ठ्याच्या मागून आल्यासारखं वाटतं. ज्या मिनिटाबद्दल तक्रार आहे ते मिनिट साफसफाईच्या आधीच्या फाईलमध्ये हेडफोन लावून ऐका. तिथं जिवंत वाटलं तर स्क्रिप्टला हात लावू नका, साफसफाई कमी करा. इथं दोन्ही फाईल सारख्याच होत्या, म्हणून पुढं गेलो.

३. कागद उलटा ठेवा आणि सांगा

माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत कामाची. मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करायचं, समोर एक माणूस बसवायचा, आणि तक्रारीचा तेवढाच भाग न वाचता, आपल्या बोलीत त्याला सांगायचा. आवाजाच्या दर्जाची पर्वा करायची नाही.

यातून तीन उत्तरं निघू शकतात. तोंडी सांगताना भाग जिवंत झाला तर दोष लिहिण्यात आहे, चौथी तपासणी करा. तोंडी सांगतानाही तो तसाच पडेल राहिला तर दोष वाक्यांत नाही, मजकुराच्या क्रमात आहे किंवा मजकुरातच आहे, म्हणजे पाचवी आणि सहावी. आणि सांगताना तुम्ही स्वतःच अडखळलात, “ते काहीतरी करतात आणि मग…” असं झालं, तर तुम्हाला तो टप्पा नीट माहीतच नाही. मग वाक्यं सजवून उपयोग नाही. आधी माहिती घ्या.

स्क्रिप्टमध्ये असं होतं:

> उसाचा रस काहिलीत घेतला जातो. त्यानंतर रस तापविला जातो व त्यातील मळी काढली जाते. यासाठी भेंडीच्या रसाचा वापर केला जातो. रस आटल्यानंतर त्याची काकवी तयार होते. पाक योग्य तापमानाला आल्याची खात्री केल्यानंतर काहील उतरवली जाते व पाक वाफ्यात ओतला जातो. थंड झाल्यावर त्याच्या ढेपा तयार केल्या जातात.

आणि कागद उलटा ठेवल्यावर ती म्हणाली ते असं:

> मग आबा काय करतात, थोडासा पाक घेतात आणि गार पाण्यात टाकतात. त्याची गोळी होते. ती बोटानं दाबून बघतात. मग पत्र्यावर मारतात. टण्ण वाजली ना, की बास. लगेच ओरडतात, उतरवा! तिथं जरा जरी उशीर झाला तरी आख्खं आधण गेलं.

हे आबा म्हणजे त्या गुऱ्हाळावरचे गुळवे, गूळ करणारे मुख्य कारागीर. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की स्क्रिप्टमधल्या ‘योग्य तापमानाला आल्याची खात्री’ या शब्दांखाली काय काय गाडलं गेलं होतं ते दिसतं: माणूस, गार पाणी, गोळी, पत्रा, आवाज, घाई आणि नुकसानीची भीती. तिला हे सगळं माहीत होतं. लिहायला बसल्यावर तिनं ते ‘माहितीच्या भाषेत’ आणलं आणि ते गळून पडलं. शाळेपासून आपल्याला निबंध असाच लिहायला शिकवलेला असतो, त्यामुळे हा बिघाड चांगल्या लिहिणाऱ्यांकडे जास्त सापडतो.

४. वाक्यांचे शेवट तपासा

आता पेन्सिल घ्या. तक्रारीच्या भागातल्या प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्द अधोरेखित करा आणि फक्त तेवढेच मोठ्यानं वाचा. वरच्या उताऱ्यात ते असे येतात: घेतला जातो, काढली जाते, केला जातो, तयार होते, ओतला जातो, केल्या जातात. सहापैकी पाच वाक्यं ‘जातो-जाते-जातात’वर संपतात. कितीही गुणी वाचणारा असला तरी त्याचा आवाज पाच वेळा त्याच पायरीवर उतरणार. ऐकणारा ‘एकसुरी’ म्हणतो ते याला, आणि वाचणारा उगाच स्वतःच्या आवाजाला दोष देत बसतो.

‘जातो-जाते’चं दुसरं नुकसान असं की त्यात करणारा माणूस दिसत नाही. मळी काढली जाते, पण कोण काढतो? कानानं ऐकणाऱ्याला डोळ्यांपुढं कुणीतरी उभं करावं लागतं. म्हणून पहिली दुरुस्ती म्हणजे प्रत्येक ‘जाते’ला “कोण?” असं विचारा आणि उत्तर वाक्यात आणा. आबा मळी काढतात. एवढ्यानं वाक्याचा शेवटही बदलतो आणि चित्रही उभं राहतं. सगळेच ‘जाते’ काढायचे नसतात. जिथं करणारा खरोखर महत्त्वाचा नाही, तिथं एखादा राहू द्या.

दुसरी दुरुस्ती जोराच्या जागेची. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि बोलताना जोर साधारण त्याच्या लगेच आधीच्या शब्दावर पडतो. ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणून बघा:

> गुळवे काहील कधी उतरवायची ते ठरवतात.
>
> काहील कधी उतरवायची ते गुळवे ठरवतात.

शब्द तेच. पहिल्यात ‘गुळवे’ सुरुवातीलाच येऊन विरून जातात. दुसऱ्यात आवाज आपोआप ‘गुळवे’वर चढतो, वाचणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही. तक्रारीच्या भागातलं नवं किंवा महत्त्वाचं जे काही असेल ते क्रियापदाच्या शेजारी आणून ठेवा. “इथं जोर द्या” असं समासात लिहून जे होत नाही ते शब्द हलवून होतं. समासात तसं लिहिलं की वाचणारा त्या शब्दावर दाणकन आदळतो आणि ते नाटकी वाटतं.

तिसरी गोष्ट श्वासाची. रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही वाक्याच्या मध्येच श्वास घेतलेल्या जागा शोधा. तिथं वाक्य तोडा. लिहिताना ‘व’नं जोडलेली दोन कामं सरळ वाटतात, बोलताना दुसऱ्या कामापर्यंत पोचेस्तोवर हवा संपलेली असते आणि तेच नेमकं महत्त्वाचं काम असतं. वरच्या उताऱ्यातलं पाचवं वाक्य बघा. काहील उतरवणं हा त्या भागातला सगळ्यात धोक्याचा क्षण, आणि तो वाक्याच्या मध्यावर, दम संपत आलेला असताना येतो.

आणि वाचताना तुम्ही नकळत शब्द बदललेत का तेही ऐका. कागदावर ‘तापविला’ असेल आणि तोंडून ‘तापवला’ आलं असेल, तर तोंडाचं ऐका आणि कागद बदला.

५. ऐकणाऱ्याला वाट बघण्यासारखं काय आहे?

वाक्यं दुरुस्त झाली तरी मामांचं “गूळच होणार की!” अजून शिल्लक होतं. ते वाक्यांनी सुटत नाही, क्रमानं सुटतं.

गुऱ्हाळाच्या भागात सगळ्या पायऱ्या एकाच मापाच्या होत्या. रस, मळी, काकवी, पाक, ढेप, प्रत्येकीला एकेक वाक्य. प्रत्यक्षात त्या एका मापाच्या नसतात. बाकी सगळी कामं थोडीफार पुढं-मागं चालतात. काहील उतरवण्याची वेळ मात्र चुकवता येत नाही. लवकर उतरवली तर गूळ मऊ राहतो आणि ढेप धरत नाही. उशीर झाला तर पाक करपतो, गूळ काळपट पडतो, भाव पडतो. हा टप्पा साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, आणि मुरलेला गुळव्या तो थर्मामीटरशिवाय, गोळीवरून ओळखतो. ऐकणाऱ्याला खरी उत्सुकता इथं आहे. गूळ होणार का, हा प्रश्न नाहीच. चांगला होणार की वाया जाणार, आणि ते कुणाला कसं कळतं, हा प्रश्न आहे.

मग दुरुस्ती अशी करायची की तो प्रश्न उत्तराच्या बऱ्याच आधी ऐकणाऱ्याच्या हातात द्यायचा. काहिलीत रस पडतानाच सांगायचं की या रसाचं काय होणार ते शेवटच्या काही क्षणांत ठरणार आहे. मग मळी आणि काकवी. त्या आता रटाळ वाटत नाहीत, कारण ऐकणारा पुढच्या कशाची तरी वाट बघत असतो. पायऱ्या त्याच, माहिती तीच, फक्त एक वाक्य वर सरकलं.

याच तपासणीत दुसरीही एक जागा सापडली. २ मिनिटं ५० सेकंदांच्या अगदी आधी दोन सनावळ्या पाठोपाठ आल्या होत्या: शाहू महाराजांच्या काळात १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसली, आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्ही खरं आणि सांगण्यासारखं. पण काहिलीजवळ पोचता पोचता ऐकणारा आकडे सांभाळत होता. ऐकताना मागं जाऊन पुन्हा वाचता येत नाही, म्हणून आकडा तिथंच द्यावा जिथं त्याचं काम आहे. शाहूपुरी शेवटी नेली, जिथं गुळाच्या गाड्या बाजाराकडं निघतात. मानांकन भावाच्या बोलण्यात गेलं. मामांचं लक्ष सुटायला ही सनावळी काही अंशी कारणीभूत होती असं मला वाटतं. लक्ष जिथं सुटलं असं ऐकणारा सांगतो, त्याच्या तीस-चाळीस सेकंद आधी नेहमी बघा. ओझं तिथं चढलेलं असतं, गळतं नंतर.

आणि काकूंची भेंडी. रानभेंडीचे दांडे ठेचून पाण्यात भिजवले की त्याला बुळबुळीत चिकटपणा येतो. ते पाणी उकळत्या रसात घातलं की रसातला गाळ त्याला धरून मळीच्या रूपानं वर येतो आणि झाऱ्यानं काढता येतो. एका वाक्यात कारण बसतं, आणि तेवढ्यानं ऐकणारा “अस्सं होय!” म्हणून आणखी एक मिनिट सोबत राहतो.

सगळे बदल केल्यावर तो भाग असा झाला:

> काहिलीत रस उकळायला लागलाय. या रसाचा पिवळाधमक गूळ होणार की काळपट, ते अजून दोन-अडीच तासांनी ठरेल, आणि ठरायला काही क्षणच मिळतील.
>
> तोवर आबांचं लक्ष मळीवर. ते रसात भेंडीचं पाणी सोडतात. भेंडीच्या चिकटपणाला रसातला गाळ धरतो आणि फेसाबरोबर वर येतो. आबा तो झाऱ्यानं काढतात. पुन्हा वर येतो. पुन्हा काढतात.
>
> रस आटतो, काकवी होते. आता चुलवाणातला जाळ सांभाळायचा. आणि आता आबा कुणाशी बोलत नाहीत.
>
> गार पाण्याचं भांडं जवळ घेतात. थोडा पाक पाण्यात सोडतात. त्याची गोळी करतात. आणि ती पत्र्यावर मारतात.
>
> (इथं चार सेकंद निवेदन नाही. गोळीचा आवाज. मग आबांचा आवाज: “उतरवा!”)
>
> लवकर उतरवली असती तर ढेप धरली नसती. अजून थांबले असते तर करपली असती. काहील कधी उतरवायची ते आबा ठरवतात, आणि ते ठरवतात कानानं.

शब्द आधीपेक्षा वाढले, वेळही वाढली. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘सपाट’ ऐकलं की लोक कापाकापी सुरू करतात. सपाट भाग बहुतेकदा लांब नसतो, घाईत उरकलेला असतो. जिथं खरा मजकूर आहे तिथं थांबा, आणि जागा हवी असेल तर दुसरीकडून काढा. इथं ती सुरुवातीच्या ‘ऊस हे एक महत्त्वाचे नगदी पीक आहे’ या परिच्छेदातून काढली. तो पूर्ण गेला. तो कुणालाही आठवत नव्हता.

६. मुळात सामान आहे का?

वरच्या उताऱ्यातली ती चार सेकंदं तिच्याकडं आधीपासून होती. गुऱ्हाळावर मोबाईलनं केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गोळीचा टण्ण आवाज आणि आबांची हाक स्पष्ट होती, पण स्क्रिप्ट तिथं अखंड बोलत असल्यामुळं ती वापरायला जागाच नव्हती. म्हणून आधी स्वतःचं जुनं रेकॉर्डिंग पूर्ण ऐका. हव्या त्या जागेचा आवाज किंवा माणसाचं एखादं वाक्य मिळालं, तर निवेदनातलं तेवढं वर्णन पुसून तिथं तो आवाज ठेवा. दोन्ही ठेवू नका. “आणि गोळी टण्ण वाजते” असं सांगून मग टण्ण ऐकवलं की आवाज फुकट जातो.

नाहीच मिळालं तर परत जावं लागेल. ही सगळ्यात महाग तपासणी, आणि गुऱ्हाळाच्या बाबतीत तिला हंगामाची अट आहे. दिवाळीच्या सुमारास चुलवाणं पेटतात आणि उन्हाळ्यात थंड होतात. पावसाळ्यात तुम्हाला पाकाचा आवाज कुठून मिळणार? अशा वेळी दुसरीकडून आणलेला आवाज ‘हाच तो’ म्हणून लावू नका. आबांना घरी गाठा, समोर बसवा, आणि त्यांनाच सांगू द्या. पंधरा मिनिटांच्या बोलण्यात वापरण्यासारखं एखादं मिनिट मिळून जातं. जाताना तयार प्रश्नांची लांबलचक यादी नेऊ नका. “एखादं आधण बिघडलेलं आठवतंय का?” एवढं विचारा आणि गप्प बसा.

पुन्हा रेकॉर्ड करताना

पूर्ण नऊ मिनिटं पुन्हा वाचायची नाहीत. बदललेल्या भागाच्या एक वाक्य आधीपासून एक वाक्य नंतरपर्यंत वाचा. माईकपासूनचं अंतर आणि खोली तीच ठेवा, आणि शक्यतो वेळही तीच. सकाळचा आणि रात्रीचा आवाज वेगळा पडतो, जोड कळून येतो. सुरू करण्याआधी आधीच्या रेकॉर्डिंगची शेवटची दोन वाक्यं ऐका म्हणजे सूर जुळतो.

मग दोघांना ऐकवा: एक आधीचे, एक अगदी नवे. “आता बरं वाटतंय का?” असं विचारू नका, भिडेखातर हो म्हणतील. “आबा काय करतात ते मला सांगा,” असं म्हणा. त्यांना गार पाणी, गोळी आणि पत्रा आपापल्या शब्दांत सांगता आलं, तर काम झालं. मामांनी दुसऱ्यांदा ऐकून विचारलं, “करपलेल्या गुळाचं मग काय करतात गं?” पहिल्या वेळी त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. तो प्रश्न तिनं पुढच्या भागासाठी लिहून ठेवला.

कुठं थांबायचं, कुणाला बोलवायचं

स्क्रिप्टच्या दोन फेऱ्या झाल्या, वाक्यं आणि क्रम दोन्ही बदलले, आणि तरी त्याच जागी तीच तक्रार आली, तर तिसरी फेरी करू नका. या टप्प्यावर स्वतःचा मजकूर इतका पाठ झालेला असतो की तो कानाला लागतच नाही. ऑडिओसाठी लिहिणाऱ्या किंवा संपादन करणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या हातात कागद आणि फाईल दोन्ही द्या.

तीच स्क्रिप्ट दुसऱ्या कुणी वाचली की रंगते आणि तुम्ही वाचली की पडते, असं असेल तर दोष आवाज वापरण्याच्या सवयीत आहे. ते लिहून सुटत नाही. कोल्हापुरात नाटकाच्या तालमी घेणारी, बोलणं घडवणारी माणसं आहेत. त्यांच्यापैकी कुणासमोर बसून दोन पानं वाचा. निवेदनाचा क्लास लावण्याआधी हे करा, कारण अनेकदा एकच सवय असते, जसं प्रत्येक वाक्याला सारखीच लकब लावणं, आणि ती समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळते.

आवाज बसलेला, खरखरीत असेल आणि दोन-तीन आठवड्यांत सुधारत नसेल, तर गुळण्या आणि काढे यांवर वेळ काढू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर रेकॉर्डिंग बंद.

कच्च्या फाईलमध्येच आवाज फाटलेला किंवा घुमणारा असेल तर ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाकडं जा. फाटलेला आवाज साफ करण्याच्या नादात तासन्‌तास घालवण्यापेक्षा तेवढा भाग नीट खोलीत पुन्हा वाचून घेणं स्वस्त पडतं.

आणि भाग रंगवण्याच्या भरात माहिती हलली असेल, म्हणजे गुळात कुठली पावडर किती घालतात, कुठला गूळ आरोग्याला बरा असल्या गोष्टी स्क्रिप्टमध्ये शिरल्या असतील, तर ते वाक्य अन्नतंत्राच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय रेकॉर्ड करू नका. तोवर ते काढून ठेवा. भाग त्याच्यावाचून अडत नाही.